दिवा निकाल देतो, काटा साक्ष देतो : जुन्या मोटारींच्या तीन काट्यांचा इतिहास

१/
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप गाड्या बांधल्या. त्या गाडीला दारे नव्हती, काचा खाली-वर होत नव्हत्या, आसनांवर गादी नावापुरतीच होती. वजन आणि खर्च वाचवण्यासाठी जे जे काढता आले ते सारे काढले गेले होते. तरीही ड्रायव्हरसमोरच्या पत्र्यावर वेगमापकाभोवती चार छोटी घड्याळे ठेवलेली होती. एक पेट्रोलचे, आणि उरलेली तीन तेलाच्या दाबाचे, पाण्याच्या तापमानाचे व विजेच्या प्रवाहाचे. जिथे एकेका स्क्रूचा हिशेब केला गेला, तिथे हे तीन काटे का टिकले? आणि पुढच्या काही दशकांत ते बहुतेक साध्या मोटारींतून नाहीसे होऊन त्यांच्या जागी लाल दिवे का आले? हा धागा त्या तीन काट्यांविषयी आहे.

२/
या बदलाची प्रचलित कथा दोन प्रकारे सांगितली जाते. एका कथेत दिवे म्हणजे प्रगती आणि काटे म्हणजे जुनाट अडगळ. दुसऱ्या कथेत काटे म्हणजे जाणत्या ड्रायव्हरांचा सुवर्णकाळ आणि दिवे म्हणजे अधःपतन. अमेरिकेतील हौशी मोटारवाल्यांनी या दिव्यांना जे टोपणनाव दिले त्याचा सरळ अर्थ ‘मूर्खांचे दिवे’ असा होतो. या दोन्ही कथांत एक गोष्ट निसटते. काटा आणि दिवा ही एकाच माहितीची दोन रूपे नाहीत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. दिवा सांगतो की मर्यादा ओलांडली गेली. काटा सांगतो की गाडी त्या मर्यादेकडे चालली आहे की नाही, आणि किती वेगाने. मोटारींच्या इतिहासात पहिला प्रश्न ठेवून दुसरा काढून टाकण्यात आला. तो निर्णय अपरिहार्य नव्हता आणि निर्दोषही नव्हता.

३/
सुरुवातीच्या मोटारींत यांपैकी फारसे काहीच नव्हते. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत तेलाचा दाब दाखवणारा काटा नव्हता, कारण दाबच नव्हता. फिरते भाग तेल उडवत आणि ते उडालेले तेल जिथे पोहोचेल तिथे पोहोचे. तेल पुरेसे आहे की नाही हे पाहण्यासाठी गाडीखाली वाकून दोन छोट्या तोट्या उघडून पाहाव्या लागत. वरच्या तोटीतून तेल आले तर भरपूर, खालच्यातूनही आले नाही तर धोका. १९१९ पासून या गाडीला विजेचा स्टार्टर मिळू लागला आणि त्याबरोबर डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर आला. म्हणजे गाडीच्या शरीरात जो अवयव नव्याने आला, त्याची नाडी दाखवणारा काटा समोर आला. डॅशबोर्ड हा अशा रीतीने इंजिनाच्या रचनेचा इतिहासच असतो.

४/
इंजिने जशी वेगवान आणि ताकदवान झाली तसे उडणाऱ्या तेलावर भागेना. मग पंपाने तेल दाबून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत नेण्याची पद्धत रूढ झाली. बेअरिंग म्हणजे मऊ, पांढरट धातूचे अस्तर असलेली कडी. तिच्यात शाफ्ट फिरतो, पण निरोगी इंजिनात शाफ्ट आणि धातू यांची प्रत्यक्ष गाठ पडत नाही. मधे तेलाचा अतिशय पातळ थर असतो. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. शाफ्टला उचलून धरतो तो पंपाचा दाब नव्हे. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाला आपल्याखाली ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. पंपाचे काम त्या थराला सतत नवे तेल पुरवण्याचे. पुरवठा आटला की थर फाटतो, धातूवर धातू घासतो, आणि मऊ अस्तर काही क्षणांत वितळू लागते. मिस्त्री ज्याला ‘बेअरिंग गेले’ म्हणतात ते हेच.

५/
हा दाब ड्रायव्हरला दाखवायचा कसा? त्यासाठी मोटार उद्योगाला काही नवे शोधावे लागले नाही. यूजीन बूर्दाँ या फ्रेंच यंत्रकाराने १८४९ साली, मुंबई–ठाणे रेल्वे धावण्याच्या चार वर्षे आधी, वाफेच्या दाबासाठी एका मापकाचे पेटंट घेतले होते. त्यात चपटी केलेली, अर्धवर्तुळाकार वाकवलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते, आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. जुन्या मोटारींत इंजिनातून एक बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येई आणि प्रत्यक्ष तेल त्या मापकात शिरे. मधे वीज नाही, वायर नाही. ड्रायव्हर जे पाही तो इंजिनाच्या दाबाचा अंदाज नसून तो दाबच असे.

६/
पाण्याच्या तापमानाची वाट थोडी वेगळी. १९१० च्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचे उपकरण लोकप्रिय झाले. ते रेडिएटरच्या टोपणावरच बसवलेले असे. ड्रायव्हरने काचेतून पुढे पाहायचे, बॉनेटच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या गोल चकतीतला तांबडा द्रव किती चढला ते वाचायचे. रात्री ते वाचणे अवघड होते, पण कल्पना पक्की रुजली. पुढे हे मापक डॅशबोर्डवर आले. इंजिनाच्या पाण्यात एक छोटा धातूचा फुगा बुडवलेला असे. त्यात ईथरसारखा लवकर वाफ होणारा द्रव. पाणी तापले की फुग्यातील वाफेचा दाब वाढे, केसासारख्या बारीक नळीतून तो डॅशबोर्डपर्यंत पोहोचे, आणि तिथे पुन्हा बूर्दाँची तीच वाकडी नळी काटा फिरवी. तेलाचा आणि पाण्याचा काटा ही एकाच घराण्यातील भावंडे होती.

७/
तिसरा काटा, अ‍ॅमीटर, सर्वांत कमी समजला गेलेला. त्याचे शून्य मधोमध असते. काटा उजवीकडे गेला तर बॅटरीत वीज भरली जात आहे, डावीकडे गेला तर बॅटरीतून काढली जात आहे. स्टार्टरचा प्रचंड प्रवाह सोडला तर बॅटरीत जाणारी आणि तिच्यातून येणारी सारी वीज या मापकातून वाहे. त्यामुळे तो एक प्रकारचा रोजमेळ होता. जमा आणि खर्च यांतील फरक तो दर क्षणी दाखवी. निरोगी गाडी सुरू केल्यावर तो उजवीकडे झेपावे, कारण स्टार्टरने खर्चलेली वीज परत भरली जात असे. दहा-पंधरा मिनिटांत तो हळूहळू मधल्या शून्याजवळ येऊन स्थिरावे. तो तसा स्थिरावला नाही तर बॅटरी अथवा रेग्युलेटर यांत काही बिघडले, हे ड्रायव्हरला गाडी न थांबवता कळे.

८/
आता दिव्यांकडे वळू. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने तेलाचा दाब आणि चार्जिंग यांसाठी काट्यांऐवजी दिवे बसवण्यास आरंभ केला. महायुद्धानंतर हा प्रघात झपाट्याने पसरला. फोक्सवॅगन बीटलसारख्या स्वस्त, सर्वसामान्यांच्या गाडीत तर तेलासाठी एक आणि डायनॅमोसाठी एक असे दोन दिवेच पुरेसे मानले गेले. तिचे इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे पाण्याच्या काट्याचा प्रश्नच नव्हता. तेलाच्या दिव्याची रचना अत्यंत साधी. इंजिनावर एक स्विच बसवायचा. आत एक स्प्रिंग आणि एक पडदा. तेलाचा दाब पडद्याला ढकलून धरतो तोवर दिवा बंद. दाब इतका उतरला की स्प्रिंग जिंकली, की संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. एक वायर, एक बल्ब. नळी नाही, मोजपट्टी नाही, कारखान्यात जुळणी करायला वेळ नाही.

९/
सारा प्रश्न या स्प्रिंगच्या ताकदीत दडलेला आहे. गरम इंजिनाचा दाब रस्त्यावर धावताना साधारणपणे चौरस इंचास ४० पौंडांच्या आसपास असतो, आणि गाडी थांबून इंजिन संथ घुरघुरत असताना तो १०-१५ पौंडांपर्यंत उतरतो. हे उतरणे रोगाचे लक्षण नाही. म्हणून दिव्याचा स्विच त्याहून खाली ठेवावा लागतो, साधारण ५ ते ७ पौंडांवर. नाहीतर प्रत्येक चौकात, प्रत्येक फाटकापाशी दिवा लागेल आणि लोक त्याकडे पाहणे सोडून देतील. पण याचा परिणाम असा की धावत्या गाडीत ४० पौंडांचा दाब ३० वर आला, २० वर आला, १० वर आला, तरी दिवा गप्पच. ज्या वेगाला ४० पौंड हवेत तिथे १० पौंड म्हणजे बेअरिंगची उपासमार. दिवा लागतो तेव्हा ती उपासमार संपून मरण सुरू झालेले असते.

१०/
हे प्रत्यक्ष कसे घडते, हे एका प्रसंगाच्या मांडणीतून पाहावे. प्रसंग कल्पित आहे, यंत्रशास्त्र नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. तशीच एक सहा व्होल्टची जीप रात्री खोपोली सोडून बोरघाट चढू लागली आहे. हेडलाइट लागलेले, मागे सामान, गियर खालचा. या इंजिनात एकच पट्टा तीन कामे करतो. तो पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो आणि वीज तयार करणारा डायनॅमोही फिरवतो. तो पट्टा सैल झाला आहे. तुटलेला नाही, फक्त निसटतो आहे. इंजिनाच्या गोंगाटात त्याची चिरचिर ऐकू येत नाही.

११/
पहिली साक्ष अ‍ॅमीटरची. दोन हेडलाइट, मागचा दिवा आणि इग्निशन मिळून अंदाजे २० अँपियर वीज लागते. पट्टा घट्ट असता तर डायनॅमोने तेवढी पुरवून वर बॅटरीसाठी थोडी शिल्लक ठेवली असती आणि काटा शून्याच्या किंचित उजवीकडे राहिला असता. पण निसटत्या पट्ट्यामुळे डायनॅमो पुरेसा फिरत नाही. तो १२ अँपियरच देतो असे धरू. उरलेले ८ बॅटरी देते. काटा शून्याच्या डावीकडे, ८ वर. शंभर अँपियर-तासांच्या बॅटरीला हा खर्च रात्रभर सोसेल. तेव्हा ड्रायव्हरला बॅटरीची चिंता नको. पण जाणता ड्रायव्हर येथे वेगळाच प्रश्न विचारतो. डायनॅमो फिरवणारा पट्टा तोच, पाण्याचा पंप फिरवणारा पट्टाही तोच. विजेच्या काट्याने दिलेली बातमी खरे तर पाण्याविषयीची आहे.

१२/
याच क्षणी अ‍ॅमीटरऐवजी चार्जिंगचा दिवा असता तर? तो बंदच राहिला असता. हा दिवा डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधे जोडलेला असतो आणि त्या दोहोंच्या व्होल्टेजमधे फरक पडला तरच लागतो. डायनॅमो अशक्त असला तरी बॅटरीशी जोडलेला आहे आणि थोडीफार वीज देतो आहे, तोवर फरक जवळपास शून्य. डायनॅमो ‘जिवंत’ आहे एवढेच दिव्याला ठाऊक. त्याची कमाई घरखर्चाला पुरते की नाही, हे त्याच्या कक्षेबाहेर. पट्टा पूर्ण तुटेल तेव्हाच तो लागेल.

१३/
दुसरी साक्ष पाण्याची, काही मिनिटांनी. पंखा मंद, पंप मंद, चढण खडी, वारा पाठीमागचा. ८० अंश सेल्सियसवर स्थिर असलेला काटा ८५ वर येतो, मग ९० वर. खंडाळ्याच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर उघड्या रेडिएटरमधील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे उरलेले अंतर आठ अंशांचे. येथे आकड्यापेक्षा गती महत्त्वाची. घाटात काटा पाच अंश चढून थांबला तर ती चढणीची स्वाभाविक उष्णता. पण प्रत्येक वळणागणिक तो चढतच राहिला आणि सपाटीच्या तुकड्यावरही उतरला नाही, तर थंड करणारी यंत्रणा हरते आहे. तापमानाचा दिवा हा भेद करू शकत नाही. तो उकळबिंदूच्या उंबरठ्यावर लागतो, आणि तोवर रेडिएटरच्या टोपणातून वाफ निघून ड्रायव्हरला नाकानेच कळलेले असते.

१४/
तिसरी साक्ष तेलाची, सर्वांत शेवटी. इंजिन तापले की तेल तापते, तेल तापले की पातळ होते, आणि पातळ तेल बेअरिंगच्या फटींतून सहज निसटते. त्याच वेगाला जो काटा पायथ्याशी ४० पौंड दाखवत होता तो आता ३० दाखवतो. दिवा असता तर त्याला ५-७ पौंडांची वाट पाहायची होती. शिंगरोबाच्या देवळाशी, जिथे घाट चढणाऱ्या गाड्या तशाही थांबतात, हा ड्रायव्हर गाडी उभी करतो. इंजिन संथ चालू ठेवून थोडे निवू देतो, मग बंद करतो. टोपण उघडण्याची घाई करत नाही, कारण उकळते पाणी चेहऱ्यावर उडते. पट्टा अंगठ्याने दाबून पाहतो. तो अर्ध्या इंचाऐवजी दोन इंच खाली जातो. डायनॅमोचा बोल्ट सैल करून, डायनॅमो बाहेर ओढून, पट्टा ताणून बोल्ट आवळतो. दहा मिनिटांचे आणि एका पान्याचे काम. तिन्ही काटे एकाच दोषाची तीन साक्षीदारांप्रमाणे क्रमाने साक्ष देत होते. तीन दिवे असते तर तिघेही त्या देवळापर्यंत मौन पाळून होते.

१५/
कार्ब्युरेटरच्या युगात तेलाच्या काट्याला आणखी एक गुप्त शत्रू होता, तो म्हणजे पेट्रोल. थंडीत गाडी सुरू करण्यासाठी चोक ओढतात. ड्रायव्हर तो परत ढकलायला विसरला तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खालच्या तेलात मिसळते. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तरी तेच होते. अशा वेळी डिपस्टिकवर एक विपरीत दृश्य दिसते. तेलाची पातळी वाढलेली असते. अननुभवी माणूस समाधान मानतो. पण दाबाचा काटा रोजच्यापेक्षा पाच-सात पौंड खाली असतो, आणि डिपस्टिक नाकाशी धरली तर पेट्रोलचा दर्प येतो. वाढलेली पातळी आणि उतरलेला दाब ही जोडी एकत्र वाचली तरच निदान होते. एकटी पातळी खोटे बोलते, आणि दिवा तर काहीच बोलत नाही.

१६/
येथे काट्यांची खरी अट पुढे येते. काटा एकट्याने बोलत नाही. त्याला स्मृती लागते. ‘२८ पौंड’ हा आकडा स्वतःहून चांगला नाही आणि वाईटही नाही. हीच गाडी, हाच वेग, असेच गरम इंजिन असताना मागच्या महिन्यात ३५ होते, हे ज्याला आठवते त्यालाच २८ चा अर्थ कळतो. झिजणाऱ्या बेअरिंगची बातमी अशीच येते. एका दिवसात नव्हे, तर संथ फिरणाऱ्या इंजिनाचा दाब महिन्यामागून महिना एकेक पौंड उतरत जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटावी. एक सुटा दस्तऐवज थोडेच सांगतो. तो आधीच्या आणि नंतरच्या दस्तऐवजांशेजारी ठेवला म्हणजे त्याला तोंड फुटते.

१७/
आता दिव्यांच्या बाजूने जे सांगायचे ते पुरेपूर सांगायला हवे. काटा पाहावा लागतो, दिवा स्वतः दिसतो. दगड लागून तेलाचे भांडे फुटले तर दाब काही सेकंदांत शून्यावर येतो. त्या सेकंदांत ड्रायव्हरची नजर रस्त्यावर असते आणि काटा निमूटपणे पडतो. लाल दिवा मात्र नजर खेचून घेतो. शिवाय काट्यांचे स्वतःचे धोके होते. डॅशबोर्डपर्यंत आलेली तेलाची नळी तुटली तर ती इंजिनातील तेल केबिनमधे ओतू लागते. अ‍ॅमीटरमधून सारी वीज जात असल्याने त्याचा एखादा जोड सैल झाला तर डॅशबोर्डमागे आग लागू शकते. पुढे अधिक वीज देणारे अल्टरनेटर आले तेव्हा अ‍ॅमीटर मागे पडण्याचे हेही एक मोठे कारण होते.

१८/
काटा फसवूही शकतो. त्यातली सर्वांत घातक फसवणूक पाण्याच्या काट्याची. रेडिएटर गळून पाण्याची पातळी खाली गेली आणि मापकाचा फुगा उघडा पडला, तर तो पाण्याचे तापमान मोजतच नाही. भोवतालच्या हवेचे मोजतो. त्यामुळे इंजिन जळत असताना काटा अनेकदा खाली येतो. चढणीवर तापलेल्या इंजिनाचा काटा विनाकारण एकाएकी पडला तर ती सुवार्ता मानू नये. ती पाणी संपल्याची खूण समजावी. हे ज्याला शिकवलेले नाही त्याच्यासाठी काटा दिव्याहून अधिक धोकादायक ठरतो. म्हणून ‘काटे श्रेष्ठ’ हे विधान अर्धवट आहे. काटे श्रेष्ठ, जर वाचणारा असेल तर.

१९/
वाचणारा होता का? सुरुवातीच्या दशकांत बहुधा होता. मोटार चालवणारा पगारी ड्रायव्हर असे, किंवा यंत्राशी झटणारा हौशी मालक असे. युद्धकाळातील जीपच्या सैनिकाला तर मापके वाचणे हा शिक्षणाचाच भाग होता. म्हणूनच त्या उघड्यावागड्या गाडीतही तीन काटे टिकले. लाखो लोक स्वतःची गाडी चालवू लागले तेव्हा कारखान्यांनी असे धरले की हा नवा ड्रायव्हर वाचणार नाही. हा अंदाज काही अंशी खरा होता. पण तो केवळ अंदाज राहिला नाही, त्याने स्वतःला सिद्ध करून घेतले. समोर काटाच नसेल तर वाचायला शिकणार कोण? ‘मूर्खांचे दिवे’ हे टोपणनाव म्हणूनच अन्यायकारक आहे. त्यात दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. काटा काढून टाकण्याचा निर्णय ड्रायव्हरने घेतला नव्हता. तो हिशेबाच्या वहीत झाला होता, जिथे एक बल्ब आणि एक वायर हे मापक आणि नळीपेक्षा स्वस्त पडत होते.

२०/
या इतिहासाचा सर्वांत बोलका प्रसंग मात्र दिव्यांचा नाही, काट्याचाच आहे. माझ्दा एमएक्स-५ ही हौशी चालकांची आवडती गाडी. तिच्या पहिल्या गाड्यांत तेलाच्या दाबाचे खरे मापक होते. वेगाबरोबर काटा वर-खाली हले. १९९५ च्या मॉडेलपासून काटा तसाच राहिला, पण त्यामागचे मापक गेले आणि जागी साधा स्विच आला. आता दाब किमान पातळीच्या वर असेल तर काटा मधोमध उभा राहतो, खाली गेला तर पडतो. मधले काही नाही. हा काट्याचा वेष घेतलेला दिवाच. अनेक आधुनिक गाड्यांतील तापमानाचे काटेही असेच बराच मोठा पल्ला मधोमध न हलता काढतात, जेणेकरून मालकाला उगीच काळजी वाटू नये. येथे खर्चाचा युक्तिवादही उरत नाही. ज्याला वाचता येते त्याच्यापासूनही माहिती लपवली जाते, आणि वर ती दिली जात असल्याचा भास निर्माण केला जातो. दिवा निदान प्रामाणिक होता. त्याने कधी काटा असल्याचे सोंग केले नव्हते.

२१/
मग योग्य काय होते? उत्तर नवे नाही, ते रस्त्यावरच धावते आहे. हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या मालट्रकांत हवेच्या दाबाचा काटा असतो आणि दाब फार उतरला तर दिवा अथवा बझरही बोंबलतो. काटा आधीची हकीकत सांगतो, बझर शेवटचा इशारा देतो. जिथे चूक झाली तर माणसे मरतात तिथे अभियंत्यांनी दोहोंपैकी एकाची निवड केली नाही, दोन्ही ठेवले. साध्या मोटारीत चूक झाली तर बहुधा इंजिनच मरते, आणि त्या इंजिनाची किंमत मालक भरतो. म्हणून तिथे एकावर भागवले गेले. ‘दिव्याने काट्याची जागा घेतली’ हे वाक्य इतिहासात वारंवार येते, पण ते बरोबर नाही. दिव्याला काट्याची जागा घेता येत नाही. काट्याची जागा रिकामी झाली आणि ती झाकण्यासाठी दिवा लावला गेला.

२२/
एखाद्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात त्या काळची जीप वा तशी मोटार दिसली, तर तिच्या मालकाला इंजिन सुरू करायला सांगावे आणि रंगरंगोटीऐवजी डॅशबोर्डकडे पाहावे. थंड इंजिनाचा तेलाचा काटा उंच उसळी घेईल, अ‍ॅमीटर उजवीकडे झेपावेल, पाण्याचा काटा तळाशी पडून असेल. पंधरा मिनिटे तिथेच उभे राहावे. तेलाचा काटा हळूहळू उतरेल, अ‍ॅमीटर शून्याकडे परतेल, पाण्याचा काटा चढून एका जागी थांबेल. दिव्यांच्या गाडीत या पंधरा मिनिटांत काहीही घडत नाही. इंजिनात मात्र दोन्हीकडे तेच सारे घडत असते.